दोन बोटांचा फोकस

मी वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि वीस वर्षं मुलांना सांगत आले की चित्रवर्णनात विशेषणं भरपूर वापरा. मनमोहक, हृदयस्पर्शी, नयनरम्य. सातवीतली पोरं गुळाच्या भेलीवर मुंग्या बसाव्या तशी वहीत विशेषणं बसवायची आणि मी लाल पेनाने 'छान' लिहायची. त्याचं माप पदरात पडायला मला आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यापर्यंतच जावं लागलं.

तिथे काका राहतात. मूळचे ओवे गावचे. पनवेलच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. काचबिंदूने नजर कडेकडेने खात आत आली आणि शेवटी सगळीच गेली. त्याच सुमारास काकू गेल्या. मुलाने काकांचे निवडक साठ फोटो फोनवर घालून दिले होते. फोटोखाली वर्णन लिहिलं की, बोट ठेवल्यावर फोन ते वाचून दाखवतो. ते वर्णन लिहायला कोणीतरी हवं होतं आणि मराठीची बाई वरच्याच मजल्यावर होती.

पहिला फोटो पळस्प्याच्या पुढच्या वीटभट्टीवरचा, डोक्यावर विटा घेतलेल्या बाईचा. मी झोकात लिहिलं, 'कष्टकरी स्त्रीचे हृदयस्पर्शी दर्शन'. काकांनी ते फोनकडून ऐकलं आणि म्हणाले, हृदय बाजूला ठेव, कॅमेरा कुठं होता ते सांग. मला काही कळेना. त्यांनी मग समजावलं. तिच्या पायाची बोटं मोठी दिसतात आणि डोकं लहान? आभाळ तिच्या डोक्यामागे आलंय? मग कॅमेरा खाली, गुडघ्याइतका, आणि लेन्स वाइड. वाइड लेन्स जवळचं फुगवते, लांबचं पळवते. तिचं तोंड काळं आणि केसांच्या कडेला उजेडाची रेघ? मग सूर्य तिच्या मागे. एवढं लिहिलं की फोटो झाला. ती कष्टकरी आहे हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण मी शिकले. आधी लेन्स, मग उजेड, मग कॅमेऱ्याची जागा. सावलीची कड करवतीसारखी असली की उजेड कडक, उन्हाचा किंवा उघड्या बल्बचा. कड विरघळली असली की मऊ, खिडकीचा नाहीतर ढगाळ दिवसाचा. उजेड कुठून येतो ते कळलं नाही तर बुबुळातला पांढरा ठिपका बघायचा, तो चहाडी करतो. 'सुंदर' लिहिलं की काका खोकायचे. दोन महिन्यांत माझी वाक्यं निम्म्याने आखडली आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मला लिहिता येतंय.

शेवटचा, साठावा फोटो काकूंचा होता. काकांनी काढलेला त्यांचा शेवटचा फोटो. तेव्हा काकांची नजर नळीतून बघावं इतकीच उरली होती आणि लेन्स जुनी, फोकस हाताने करायची. नंतर त्यांनी कॅमेरा उचलला नाही. तो फोटो जमला की नाही हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. मुलगा म्हणायचा, चांगला आहे. काकांचा मुलावर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. त्यांनी एवढंच विचारलं, "डोळे शार्प हायेत?"

नव्हते. डोळे धूसर होते, चेहराच धूसर होता. कानामागची अबोलीची वेणी मात्र अशी लख्ख, की पाकळी न् पाकळी मोजावी.

मी म्हणाले, हो. आणि लिहिलं, 'खिडकीचा मऊ उजेड डावीकडून. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर. दोन्ही डोळे शार्प. केसांतल्या अबोलीची पाकळी न् पाकळी दिसते.' खालच्या कोपऱ्यात एक मोठा पुसट डाग होता. त्याने फोटो बिघडतोय असं वाटून तो मी गाळला. काका उठून स्वयंपाकघरात गेले. मग मला चहा दिला, स्वतः केलेला. मला वाटलं, पुण्य केलं.

काकांनी तो फोटो मोठा करून फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला. रोज सकाळी मी भाजीला उतरले की त्यांच्या दारातून फोनचा तो कोरडा आवाज यायचा: दोन्ही डोळे शार्प. माझंच वाक्य. चार महिने मी त्यांच्या दारावरून चपला न वाजवता गेले. खरं सांगायचं रोज ठरवायचे आणि रोज कोथिंबीर घेऊन वर यायचे. माझी मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी त्यांच्याकडे जाणंच कमी केलं.

एक दिवस त्यांनीच बोलावलं. शांतपणे बसवलं.

"घरात येणारी मान्सं फोटो बघून आधी गप होतात, मग छान म्हणतात," ते म्हणाले. "चाळीस वर्षं गिऱ्हाईकं बघितलीत बाय मी. म्हणून आज तुझं वर्णन नीट ऐकलं. पंच्याऐंशीची लेन्स, एक पॉइंट आठवर, म्हंजे पार उघडी. मी दीड मीटरवर. एवढ्यात फोकस दोन बोटं जाड असतो, त्याच्या पुढचं-मागचं धूसर. डोळे शार्प असले तर कानामागची अबोली धूसरच पायजे. तू दोनी शार्प लिवलंस. त्यातलं एक खोटं हाय. कंचं?"

खोटं मी त्यांच्याच शब्दांत बोलले होते आणि त्यांच्याच शब्दांनी पकडलं. मी सांगितलं, डोळे.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त म्हटलं, आता खरं लिव. मी त्यांच्यासमोर फोटो उघडला आणि शिकवलं होतं तसं एका कडेपासून बघत गेले. डोळे धूसर. ओठ किंचित उघडे, तेही धूसर. वेणी शार्प. खालच्या कोपऱ्यात पुसट डाग.

"डाग कसला?"

मी फोटो बोटांनी मोठा केला. तो डाग नव्हता. हाताची चार बोटं होती, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेली, म्हणून मोठी आणि म्हणून विरघळलेली. तसं मी त्यांना सांगितलं.

काकांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला.

"माझी कालर," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं, हलू नको. ती कालर नीट करायला पुढं झुकली, आन् तिच्या डोळ्यांच्या जागी अबोली आली. म्हंजे फोकस मी डोळ्यांवरच केला होता. माझ्या नजरेनं दगा नाय दिला."

मी रडले. चार महिने तो हात तिथेच होता, फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, आणि दयेपोटी मी तो त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. मी माफी मागितली. त्यांनी फोन हातात घेतला. नवं वर्णन त्यांनी दोनदा ऐकलं. मग फोन माझ्याकडे सरकवला.

"आता पयल्यापासून घे."

मला वाटलं, ऐकायची हौस आली. मी वीटभट्टीचा फोटो उघडला. वाइड लेन्स, कॅमेरा गुडघ्याइतका खाली, सूर्य तिच्या मागे. त्या वर्णनात एक अक्षरही खोटं नव्हतं. वाचून झाल्यावर काकांनी पूर्वी कधीच न विचारलेलं विचारलं.

"खरं ना?"

मी म्हणाले, खरं. पुढचा फोटो उघडला. अजून अठ्ठावन्न राहिले होते, आणि प्रत्येकानंतर त्यांनी तेच विचारलं.