चार वर्गांचा सराव पाठ

आमच्या ट्रेनिंग कॉलेजला लागून जी सराव शाळा होती, तिथली मुलं आमच्यापेक्षा जास्त शिकलेली होती. वर्षानुवर्षं त्यांनी एवढे सराव पाठ ऐकले होते की, पाठाच्या पाच पायऱ्या त्यांना आमच्याआधी पाठ असायच्या. माझ्या पहिल्याच पाठाला मी फुलाचं चित्र हातात धरून प्रस्तावनेचे प्रश्न विचारत होते. तिसरा प्रश्न झाला आणि पुढची पायरीच मला आठवेना. पहिल्या बाकावरची चिमुरडी हळूच म्हणाली, "बाई, आता हेतुकथन."

मी हेतुकथन केलं, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगितलं. मुलं पुढल्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवून बसली. मला चांगले गुण पडले.

गोष्ट कुलाबा जिल्ह्यातली, पन्नासचं दशक संपता संपताची. माझे वडील अलिबागच्या कचेरीत कारकून होते. मी फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झाले आणि ट्रेनिंगला नाव घातलं. वसतिगृहाच्या खोलीतली माझी सोबतीण श्रीवर्धनची, सुपारीच्या वाडीत वाढलेली. तिला हसू आलं की ते थांबत नसे आणि तिचं पाहून माझंही थांबत नसे. या एका कारणासाठी सरांनी वर्गात आम्हांला दोन टोकांना बसवलं होतं.

हे सर मानसशास्त्र आणि अध्यापन पद्धती शिकवायचे. वयानं तरुण, बारीक, धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालणारे, अतिशय प्रामाणिक. पुण्याहून बी. टी. ही शिक्षकाची पदवी घेऊन थेट कॉलेजातच आलेले. अवधान दोन प्रकारचं, ऐच्छिक आणि अनैच्छिक, हे ते इतक्या जीव तोडून सांगत की आमचं दोन्ही प्रकारचं अवधान त्यांच्याकडे लागे. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारावा, क्षणभर थांबावं, मग एका मुलाचं नाव घ्यावं. समूहानं उत्तर घेऊ नये. हे सगळं आम्ही वहीत उतरवलं होतं आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास होता.

दुसऱ्या वर्षी खेड्यातल्या शाळेत जाऊन काही दिवस सलग शिकवायचं होतं. आम्हां दोघींच्या वाट्याला काशीदच्या अलीकडचं एक कोळ्यांचं गाव आलं. रेवदंड्यापर्यंत एस. टी., तिथून तरीतून खाडी ओलांडायची आणि पुढे बैलगाडी. गुंडाळी फळा, चित्रांची भेंडोळी, खडूंची पेटी आणि सरांनी आधीच तपासून मंजूर केलेली पाठांची टाचणं, एवढं सामान घेऊन आम्ही निघालो. तरीत फळा आडवा राहीना म्हणून मी तो खांद्यावर धरला. तरीवाला म्हणाला, "बाय, शीड हाय का काय?" तिथून जे हसू सुरू झालं ते शाळेच्या दारापर्यंत पुरलं.

शाळा म्हणजे एक लांबट खोली. बाहेर बांबूंना दोर बांधून बोंबील सुकत घातलेले. आत चार वर्ग, चार भिंतींकडे तोंड करून बसलेले, आणि मधोमध एकटे गुरुजी. आम्हांला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा आनंद आमच्या येण्यानं कुणाला झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

"आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "बायकोच्या भाचीचं लग्न आहे. रजेला माणूस मिळत नव्हता."

माझी मैत्रीण म्हणाली, "पण गुरुजी, आम्हांला आधी तुमचे पाठ बघायचे आहेत. निरीक्षण लिहायचं असतं."

"बघा की," ते म्हणाले आणि चहूकडे हात फिरवला. "एका वर्गाला वाचायला लावायचं, एकाला लिहायला, एकाला पाढे म्हणायला आणि एकाला गप्प बसायला. मग बदलत राहायचं. झालं निरीक्षण." दुसऱ्या दिवशी उजाडताच ते गेले. आमची जेवायची-झोपायची सोय त्यांच्या आईकडे होती.

चार वर्ग एका खोलीत असतात, हे आमच्या कुठल्याही टाचणात नव्हतं. मी तिसरीला प्रश्न विचारला की उत्तर पहिली, दुसरी आणि चौथीही देई, एका सुरात. मी क्षणभर थांबून एकाचं नाव घेतलं की तो उठून उभा राही आणि सगळी शाळा त्याच्या वतीनं बोले. शिवाय त्या गावात बाई हा प्रकार नवा होता. शिकवणारं माणूस म्हणजे गुरुजी. त्यामुळे पहिले दोन दिवस पोरं आम्हांला "गुरुजी" म्हणत. मग कुणीतरी तोड काढली आणि आम्ही "गुरुजीबाय" झालो. ही हाक कानावर आली की मैत्रीण फळ्याकडे तोंड करून उभी राही. तिचे खांदे हलताना मला दिसत आणि मग मलाही फळ्यावर काहीतरी लिहायची निकड लागे.

पण हळूहळू जमायला लागलं. गुरुजींचा मंत्रच आम्ही चालवला. चौथीच्या मुली पहिलीला मुळाक्षरं गिरवून देऊ लागल्या. मैत्रीण दोन वर्ग घेऊन झाडाखाली बसे, मी दोन वर्ग घेऊन आत. संध्याकाळी आवाज बसलेले असत आणि आम्ही खुणांनी बोलत वाळूत भटकत असू. इतकं दमून इतकं मजेत मी पुन्हा क्वचितच राहिले असेन.

मग सर पाठ तपासायला आले.

त्या सकाळी नेमक्या होड्या किनाऱ्याला लागल्या. कुणीतरी बाहेरून हाळी दिली आणि बघता बघता खोली रिकामी झाली. नुसत्या पाट्या ओळीनं पडून राहिल्या. आम्ही दोघी दारात उभ्या, आणि वाळूतून सर येताना दिसले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वहाणा, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"विद्यार्थी?" त्यांनी विचारलं.

"सर, त्यांचं अवधान समुद्राकडे गेलं आहे," मैत्रीण म्हणाली.

सरांनी गंभीरपणे विचार केला. "अनैच्छिक म्हणायचं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून पाय पुसू लागले.

मुलं आपली आपणच परत आली, हातांना खवले चिकटलेले. तपासणी म्हणून आम्ही चारही वर्ग आतच बसवले आणि सर मागे जाऊन बसले. माझा पाठ तिसरीचा, भागाकार. मंजूर टाचण बदलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी तसंच सुरू केलं.

"आईने बारा पेढे आणले," मी म्हटलं.

एका मुलीनं विचारलं, "पेढे कनाला आनले?"

कनाला म्हणजे कशासाठी. याचं उत्तर टाचणाच्या उजव्या रकान्यात नव्हतं. मी म्हटलं, "असेच आणले."

"असंच कोन न्हाय आनत," ती म्हणाली. "कोनाला तरी पोर झाला आसंल."

पोर कुणाला झालं यावर चारही वर्गांचं ऐच्छिक अवधान एकवटलं. वाड्यांची नावं निघाली. दुसरीतला एकजण म्हणाला की त्याच्या मावशीला व्हायचं आहे, पण अजून न्हाय. मैत्रीण तिच्या दोन वर्गांना आवरायला पुढे आली आणि तिला हसू फुटलं. मी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. मग मला बोलता येईना. तोंडावर पदर धरून आम्ही दोघी उभ्या आणि बारा पेढे कुणालाच मिळेनात.

सर उठले. आता संपलं, असं मला वाटलं.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. "मी घेतो."

त्यांनी पेढे सोडून दिले. दारातून किनाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "होडीत चार माणसं होती. चोवीस बांगडे मिळाले. प्रत्येकाला किती?" थोडं थांबून त्यांनी एका मुलाकडे बोट केलं. अगदी शिकवलं होतं तसं.

"होडीचा वाटा कवरा?" मुलानं उलट विचारलं.

"होडीचा?"

"होडीला एक वाटा. जाल्याला एक," सगळी शाळा म्हणाली.

"बरं," सर म्हणाले. "म्हणजे वाटे सहा. चोवीस भागिले सहा. प्रत्येकाला चार." त्यांचा चेहरा उजळला होता.

"आमचे होडीला दोन वाटे," कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली. "आमची मोठी हाय."

सरांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. फळ्यावर सात लिहिलं. चोवीस भागिले सात. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली, कुठला वर्ग कुठला हे कळेनासं झालं. चौथीनं हिशेब केला, पहिलीनं शिंपले मांडून पाहिले. तीन तीन आले आणि तीन उरले.

"बाकी तीन," सर म्हणाले. "आता हे उरलेले कुणाचे?"

"गुरुजींचे," शाळा एका सुरात म्हणाली.

गुरुजींच्या घरी रोज पानात येणारी मासळी कुठून येते याचा उलगडा आम्हांला त्या क्षणी झाला. श्रीवर्धनची ती, जन्मात मासळी न खाल्लेली, रोज फक्त भात आणि सोलकढी घेत होती. ती हसता हसता सरळ जमिनीवर बसली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसायला लागले. त्यांना हसताना ठसका लागला. एका मुलीनं त्यांना पाणी आणून दिलं, ते अर्धं कोटावर सांडलं, आणि समूहानं उत्तर घेऊ नये हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

जाताना मुलांनी त्यांना खरेखुरे तीन बांगडे पानात बांधून दिले. सर शाकाहारी. पण ते नाही म्हणाले नाहीत. पुडकं हातभर लांब धरून ते बैलगाडीत चढले. खाडीपलीकडे त्यांनी ते तरीवाल्याला दिलं, असं पुढे त्यांनीच सांगितलं.

कॉलेजात परतल्यावर आम्ही बोलणी खायच्या तयारीनं गेलो. सरांनी आम्हांला वर्गापुढे उभं केलं आणि म्हणाले, "तिथे काय झालं ते जसंच्या तसं सांगा." आम्ही सांगितलं. त्यांचा ठसका मात्र वगळला. तो त्यांनी स्वतः सांगितला. मग चार वर्गांना एकत्र शिकवणं अभ्यासक्रमात घ्यावं, असं सांगायला ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले की अभ्यासक्रम खात्याकडून येतो, पायऱ्या पाचच राहतील. ते खरंच होतं. परीक्षेत आम्ही पाच पायऱ्याच लिहिल्या.

पण सराव पाठ कसे घ्यायचे हे सरांच्या हातात होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सराव शाळेतले चार वर्ग एका दालनात आणून बसवले आणि आदर्श पाठ स्वतः द्यायला उभे राहिले. आम्ही सगळे भिंतीला टेकून बघत होतो. पाठ पाठ असलेली ती हुशार मुलं गोंधळून गेली. कुणाच्या वर्गाला प्रश्न विचारला तेच त्यांना कळेना. दुसरी रडायला लागली, चौथीनं आपण होऊन पाढे सुरू केले. सर खडू हातात धरून मध्ये उभे राहिले. मग आमच्याकडे वळून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "आता काय करू?"

आम्ही सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं. प्रत्येकाचं वेगळं होतं.