बारा ओळींची मेल

कुमुद नऊ वर्षांची असताना रेल्वे क्वार्टरच्या पायरीवरून ग्रीसचा डबा गडगडत खाली गेला होता. ग्रीस विकणारा "एकदम बेष्ट, साहेब" म्हणत होता आणि तिचे बाबा, बाबाराव फिटर, ओरडत होते, "बेष्ट तुह्या घरी! कितीक डिग्रीवर वितळते, थे सांग!" त्याला सांगता आलं नाही. पोरगी दाराआड सगळं ऐकून होती.

आता ती बावन्नची. चालू यंत्राची थरथर मोजून कोणतं बेअरिंग जाणार ते आधीच सांगणाऱ्या छोट्या कंपनीत नोकरीला, नव्या रायपुरात. महिनाअखेर एकही मिल मिळाली नाही तर ऑफिसला कुलूप; तिची नोकरी जाणार, थरथर मोजणाऱ्या धर्मपालचीही.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलचे टेक्निकल हेड रणजितसाहेब यांना कुमुदच्या तरुण साहेबानं, पियुषनं, मेल धाडली होती. "क्रांतिकारी", "विश्वस्तरीय", आणि खाली नाव दुसऱ्याच मिलचं. जुनी मेल चिकटवली आणि नाव बदलायचं विसरला. उत्तर आलंच नाही.

"उत्तर काहून येईल?" कुमुद कडाडली. "लोखंड तापवणाऱ्या माणसाले लग्नपत्रिका धाडून राहिला तू!"

"दीदी, आजकल ऐसे ही लिखते हैं."

"मग मी लिहिते. तू हात लावशील तर बोटं मोडीन."

तिनं बाराच ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत आधीच्या चुकीची माफी. मग: एका मिलच्या गिअरबॉक्सची थरथर सहा आठवड्यांत सेकंदाला २.८ मिलिमीटरवरून ७.१ वर गेली. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात बिघाडाची खूण दिसली. एकोणीस दिवसांनी एका पाळीत ते बदललं, कडं खरंच तडकलेलं निघालं. मिनिटाला साठ फेऱ्यांपेक्षा हळू फिरणाऱ्या शाफ्टवर आमचं यंत्र भरवशाचं नाही. तुमचा एक गिअरबॉक्स, मिल चालू असताना, चाळीस मिनिटं मोजू द्याल?

"आपली कमजोरी काहून लिहिली?" धर्मपाल घाबरला.

"थे लपवलं तर पुढचं कोण खरं मानेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रणजितसाहेबांचं उत्तर आलं. पाळी बदलताच मेल वाचणारा माणूस. एवढंच: "बेअरिंग कौन-सा? सेन्सर कहाँ लगाया था?"

कुमुदनं लिहिलं: बेअरिंग नंबर २२२२६. सेन्सर बेअरिंगच्या हाउसिंगवर, आडवा.

"सोमवार, दस बजे. एक गिअरबॉक्स."

सोमवारी मोजलं, त्याच आठवड्यात रणजितसाहेबांनी चार गिअरबॉक्सचं वर्षभराचं काम दिलं. ऑफिस वाचलं. पियुषनं वरच्यांना कळवलं, "टीमच्या नव्या रणनीतीचं यश." कुमुदनं मूळ बारा ओळी आणि पियुषची ती लग्नपत्रिका, दोन्ही वरच्यांना तशाच पुढे पाठवल्या. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

मग बस पकडून गोल बाजारात उतरली. बाबारावांची चहापत्ती घ्यायची होती, दिवसाचं शेवटचं काम ते.

"दीदी, एकदम फर्स्ट क्लास माल आला," दुकानदार म्हणाला.

"थे राहू दे. डबा कधी फोडला, थे सांग."

"परवा."

"हव. पावभर दे."