खांबावर, एका हातानं

तेव्हा मी वायरमन होतो. सिरसाळ्याजवळ विजेच्या खांबावर चढलो होतो आणि लाईन चालू करण्याआधी सबस्टेशनचा ऑपरेटर मला फोन करणार होता. सहज फोन काढला, तर त्याचे मिस्ड कॉल! डावीकडचं सरकतं बटण सायलेंटवर गेलेलं. दुसऱ्याच मॉडेलचं ते मेलं कव्हर, त्याच्या कडेनं खिशात बटण ढकललं होतं. उजव्या हातानं खांब धरलेला. तेवढ्यात स्क्रीन विझली. त्याला उलट फोन लावायला डाव्या हाताची बोटं पॉवरचं बटण दाबत होती, पण जाड रबराखाली ते दबेचना.

स्क्रीन आपोआप उजळली. त्याचाच फोन. अंगठ्यानं कसाबसा उचलला.

"कावून उचलत न्हाईस बे? म्हणलं, उतरून घरी गेलास. खटक्यावर हात ठिवलाय बग मी."