माझ्या मनगटाची बॅट

उंची माझी पाच फूट चार इंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण नगरच्या आमच्या क्लबात सात वर्षं ते मला कुणी विसरू दिलं नाही. शाळेत गणित शिकवायचो आणि रविवारी ओपनिंगला जायचो. क्लबाच्या किटमधल्या बॅटी म्हणजे निव्वळ मुसळं होती, तेल पिऊन पिऊन जड झालेली. कट मारायला मी बॅट वर नेईपर्यंत चेंडू विकेटकीपरच्या हातात जाऊन बसलेला असायचा. तरी एकाहत्तर-बहात्तरच्या हंगामात सगळ्यांत जास्त रन माझेच झाले. कुणाला आवडो न आवडो.

जास्त रन करणाऱ्याला क्लब नवी बॅट द्यायचा. पण ती निवडायची कॅप्टननं, खेळणाऱ्यानं नाही. अशी रीतच होती आणि कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं. कॅप्टन घोडेगावकडचा बागाईतदार, पंचेचाळिशीचा, सहा फुटी, दाराशी आठ बैल बांधलेला. घोडेगावच्या बाजारात लोक त्याला बैल पारखायला बोलावत. बॅटही तो तशीच निवडायचा. रंगानं पांढरी आणि अंगानं भरलेली दिसली की झालं. मी म्हटलं, मी बरोबर येणार. त्याला ते रुचलं नाही, पण घेऊन गेला मला दुकानात.

दुकानदार म्हातारा होता, तरुणपणी विकेटकीपिंग केलेला. काश्मिरी विलोच्या बॅटींचा भारा बाहेरच होता. विलायती विलोच्या तेव्हा मिळणंच मुश्किल, त्याच्याकडे दोनच होत्या, कपाटात कापडात गुंडाळलेल्या. कॅप्टननं पहिली उचलली आणि त्याचा चेहरा उजळला. पांढरीशुभ्र, समोरून लाकडाच्या मोजून अकरा रेषा, सगळ्या सरळ, आणि कडा चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड. फर्स्ट ग्रेड. कड लागली तरी चौका जाईल, असं तो दुकानदारालाच समजावून सांगायला लागला. मी ती घेऊन स्टान्स घेतला आणि वर उचलली. खालचं टोक जमिनीकडे ओढत होतं.

दुसरी दिसायला बापुडवाणी. सात रेषा, त्यातल्या दोन वाकड्या, एका बाजूला लालसर पट्टा, वर खांद्यापाशी काळा ठिपका. कडा पहिलीपेक्षा बारीक. सेकंड ग्रेड, दुकानदारानं न विचारता सांगितलं. मी ती नुसत्या डाव्या हातानं उचलली, कारण बॅट वर नेतो तो वरचा हात. आपसूक वर आली. अहाहा, असं मनात म्हणालोच मी. सात वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

कॅप्टननं दोन्ही बॅटी पौंडाच्या काट्याला लावायला सांगितल्या. दोन्ही दोन पौंड सहा औंस. तो खो खो हसला. वजन सारखं, मग आता काय अडचण, गणिताच्या मास्तरला एवढंही कळेना, वगैरे. माझं डोकं सणकलं. मी पांढरी बॅट आडवी करून बोटावर तोलून धरली आणि जिथं तोलली तिथं पेन्सिलीनं खूण केली. मग दुसरी तोलली. पांढरीची खूण टोकाकडे चांगली इंचभर सरकलेली होती. सारखंच वजन, पण पांढरीचं लाकूड सगळं खाली साठवलेलं. आमच्या काथ्याच्या मॅटिंगवर चेंडू कमरेच्या वर उसळतो, तिथं खाली फुगलेली बॅट घेऊन मी करू काय? दुसरीचा फुगवटा वर होता, चेंडू जिथं येणार तिथं.

दुकानदार माझ्याकडे बघून मान हलवत होता. रेषांचं म्हणाल तर, तो म्हणाला, जास्त रेषांची लवकर खुलते, कमी रेषांची उशिरा खुलते पण टिकते, आणि लाल पट्ट्यानं रन कमी होत नाहीत. कॅप्टननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुठीवर आणखी एक रबर चढवा, मग हलकी लागेल, असा त्याचा तोडगा. तोडगा खरा होता, मुठीकडे वजन वाढलं की टोक हलकं लागतं, नाही म्हणत नाही. पण माझा पंजा लहान. दोन रबरांची मूठ माझ्या बोटांत मावली नसती.

मग खरं कारण बाहेर पडलं. बक्षिसाला सेकंड दिली तर लोक क्लबाला हसतील.

"कॅप्टन, लोकांना खेळायचं नाही, मला खेळायचंय," मी म्हटलं. "ती पांढरी दिलीत तर तिथंच तुमच्या हातात परत ठेवीन आणि रविवारपासून येणार नाही."

कॅप्टनशी असं कुणी बोललं नव्हतं.

"घ्या मास्तर," तो म्हणाला. "पन साखर कारखान्याच्या म्याचला तीस झालं न्हाई, तर ब्याट किटात आनि तुमी बाहेर."

पांढरी त्यानं स्वतःसाठी घेतली.

मॅचला तीन आठवडे होते. मी फडक्यानं अळशीचं तेल पातळ हातानं लावलं, बॅट आडवी ठेवून मुरू दिली, मग पायमोज्यात जुना चेंडू घालून रोज संध्याकाळी ठोकत बसलो. कमी रेषांची, म्हणून ठोकायची जास्त. कडा हळू आणि तिरप्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बायकोला विचारलं, तुमच्याकडे सुताराचं काम कधी संपणार? कॅप्टननं आपली बॅट क्लबाच्या रिवाजाप्रमाणं आठवडाभर तेलाच्या डब्यात उभी करून ठेवली. तेल जितकं जास्त तितकी बॅट पक्की, अशी सगळ्यांची समजूत. टोकातून ती नुसती पीत राहिली. मी सांगायला गेलो होतो. हाकलून लावलं.

कारखान्याचा बोलर उंच होता आणि मॅटिंगवर फुफाटा काढत होता. पण बॅट वर जात होती हो, वेळेवर जात होती. दोन कट मारले ते अजून हाताला आठवतात. अठ्ठाविसावर माझीही कड लागली, स्लिपच्या हातात गेली आणि सुटली. सुटली ते सुटली, त्यात लाजायचं काय? पुढच्याच चेंडूला हुक मारून बत्तीस केले आणि कॅप्टनकडे बघितलं. तो पलीकडच्या टोकाला पांढरी बॅट टेकवून उभा होता, धापा टाकत. आधीच्या ओव्हरभर त्याची बॅट प्रत्येक चेंडूला उशिरा खाली आली होती. मला हसायचं होतं, पण त्याचे खांदे पडलेले दिसले आणि हसू आलं नाही.

त्रेचाळिसावर माझी दांडी उडाली. तंबूकडे निघालो, तर कॅप्टन पिचवरून चालत आडवा आला. दोन्ही टीमा बघत होत्या.

"ब्याट ठिवा."

"कुठली?" मी विचारलं. सोडणार नव्हतो मी.

"तुमची."

"ती सेकंड आहे, कॅप्टन."

"म्हाईत हाय," तो म्हणाला आणि हात पुढं केला. "माझ्यानं ही उचलत न्हाई आता. द्या."

सात वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी मूठ त्याच्याकडे करून बॅट दिली. त्यानं पांढरी माझ्या हातात ठेवली आणि मी ती तंबूपर्यंत आणली, तेल पिऊन ओथंबलेली, पावलागणिक जमिनीकडे ओढणारी. एवढं वजन तो ओव्हरमागून ओव्हर कुणाला न सांगता उचलत होता.