रिक्षा मी परत फिरवली होती

माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. आम्ही रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात भाड्याने राहत होतो. नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये होता, त्या आठवड्यात त्याची सकाळची पाळी होती. घरात मी, सासूबाई आणि बाळ. आदल्या आठवड्यात बाळाला सर्दी झाली होती, पण ती ओसरली होती. त्या दिवशी सकाळी तो दूध प्यायला, माझ्या पदराशी खेळला आणि एकाएकी किंचाळला.

ते रडणं नव्हतं. भुकेचं, झोपेचं, ओल्या लंगोटाचं, सगळी रडणी मला ओळखू येत होती. हे वेगळं होतं. त्याने दोन्ही पाय पोटाशी घेतले, मुठी आवळल्या, चेहरा आधी लाल आणि मग पांढरा पडला. दोन-तीन मिनिटं असं चाललं आणि जसं आलं तसंच थांबलं. तो माझ्या खांद्यावर पडून राहिला.

"गॅस झाला त्याले," सासूबाई म्हणाल्या. "मले माहीत आहे. याच्या बापालेबी असंच होये." त्यांनी हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला.

पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा किंचाळला. पाय पुन्हा पोटाशी. या वेळी प्यायलेलं दूध सगळं बाहेर आलं. मग परत शांत. तिसऱ्या खेपेनंतर मी घड्याळ बघू लागले. मधल्या वेळात तो कण्हतही नव्हता, खेळतही नव्हता. खुळखुळा वाजवला तर नुसते डोळे वळवायचा. त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

"आई, आपण डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"हव, चाल," त्या लगेच चप्पल घालून उभ्या राहिल्या. बाहेर रिक्षा मिळाली. चौकापर्यंत गेलो नाही तोच बाळ माझ्या मांडीवर गाढ झोपला. श्वास संथ, कपाळ थंड. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला होता. मला वाटलं, गेलं दुखणं. झोपलेल्या लेकराला उठवून दवाखान्याच्या गर्दीत कशाला बसवायचं?

"भैया, वापस मोड़ लो," मीच म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "आता निघालोच आहोत तर दाखवून घेऊ नं वं."

"झोपला नं आई तो. बरं वाटून राहिलं त्याले."

रिक्षा वळली.

घरी आल्यावर तो अर्धा तास झोपला असेल. मग आधीपेक्षा मोठ्याने किंचाळला आणि त्याला उलटी झाली. या वेळी ती हिरवी होती. मी नवऱ्याला फोन लावला. तो उचलेना, कामाच्या जागी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी लंगोट बदलायला घेतला आणि हात तिथेच थांबले. लंगोटात शी नव्हती. गडद लाल, चिकट, थरथरणारा गोळा होता. जांभळाच्या जेलीसारखा. त्यात आव मिसळलेली.

सासूबाईंनी तो लंगोट बघितला. लंगोट पिशवीत घातला, पिशवी हातात घेतली आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी रांगेतून आम्हाला आधी आत बोलावलं. पिशवी उघडून बघितली, मग बाळाच्या पोटावर हात ठेवला. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, त्यांची बोटं एका जागी परत परत जात होती. "यहाँ कुछ लंबा-सा लग रहा है," ते म्हणाले. "दूध, पानी, कुछ मत देना." त्यांनी स्वतः फोन करून मुलांचे सर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात कळवलं आणि आम्हाला तडक तिकडे पाठवलं.

तिथे सलाईन लावलं, नाकातून पोटात नळी घातली. मग सोनोग्राफी. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकात एक गोल दिसले, कापलेल्या कांद्यासारखे. सर्जन बाई तरुण होत्या. त्यांनी आपल्या कुर्त्याची बाही ओढून एक भाग दुसऱ्यात सरकवून दाखवला. "आँत का एक हिस्सा अगले हिस्से के अंदर घुस गया है. अंदर जो फँसा है, उसका खून रुक रहा है." सर्दीनंतर आतड्याच्या गाठी सुजतात, कधीकधी तेवढंही निमित्त पुरतं, असं त्या म्हणाल्या. या वयात नक्की कारण बहुतेक वेळा सापडतच नाही.

"कब से है?" त्यांनी विचारलं.

मी बाळाच्या अंगावरची चादर नीट करू लागले.

"सुबह से," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर के पास निकले थे, फिर हम ही बोले कि वापस चलो. बहू तो ला रही थी."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या सर्जन बाईंकडेच बघत होत्या.

आधी ऑपरेशनशिवाय प्रयत्न करायचा ठरला. सोनोग्राफीवर बघत बघत गुदद्वारातून सलाईनचं पाणी सोडायचं, त्या दाबाने अडकलेलं आतडं मागे सरकतं. आतडं फाटण्याचा धोका असतो म्हणून ऑपरेशनची खोली तयार ठेवली होती. सही मी केली. पहिल्या वेळी ते बरंचसं मागे गेलं आणि जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे अडलं. थोडा वेळ थांबून पुन्हा केलं. तिथेच अडलं. बाळ आता किंचाळतही नव्हता.

"अब खोलना पड़ेगा," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात, पाळी सुटल्यावर मला फोन करून, नवरा आला. शर्टावर लोखंडाची काळी धूळ. त्याने बाळाला हात लावायच्या आधी हात धुतले आणि धुतच राहिला, नर्सने नळ बंद करेपर्यंत. मग बाळाला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर त्याने विचारलं, "इतका उशीर काहून झाला?"

"मी म्हटलं वापस चाल म्हणून," सासूबाई म्हणाल्या. त्याने आईकडे पाठ केली.

मी गप्प राहिले. तेव्हा तरी मी गप्प राहिले.

दारावरचा लाल दिवा किती वेळ जळत होता, मला सांगता येणार नाही. सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा मास्क गळ्यात होता. आतडं ओढून काढायचं नसतं, पुढच्या टोकाकडून हळूहळू दाबत मागे सरकवायचं असतं, तसं ते सुटलं. सुटलेला भाग जवळजवळ काळा दिसत होता. कोमट पाण्याच्या गॉजमध्ये गुंडाळून त्या थांबल्या होत्या. रंग परतला नसता तर तेवढा तुकडा कापावा लागला असता.

"गुलाबी हो गया," त्या म्हणाल्या. "काटना नहीं पड़ा. थोड़ी और देर होती तो..."

दोन दिवसांनी त्याला शी झाली, पिवळी, साधी. नर्सने ती बघून मान हलवली. मग चमच्याने पाणी, मग माझं दूध. घरी सोडताना बाईंनी बजावलं, हे पुन्हा होऊ शकतं. असं रडला तर घरी थांबायचं नाही, मध्ये झोपला तरी नाही.

घरी आलो त्या दिवशी नवरा आईशी नेमकं कामापुरतं बोलत होता. जेवताना मी ताटातून हात काढला आणि सांगितलं. रिक्षा मी वळवली. आई नको म्हणत होत्या.

तो आईकडे वळला. "मग तू काहून बोलली तसं?"

"तिले त्याले पाजायचं होतं. तुझं बोलणं जिवाले लागलं असतं तं दूध आटलं असतं तिचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भात वाढला.

खोलीत बाळ झोपेत कुरकुरला. आम्ही तिघंही उठून उभे राहिलो, आणि तो पुन्हा रडतो का, याची वाट बघत तसेच उभे होतो.