तेहेतीस अंशांचं पाणी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी प्रोजेक्ट विभागात लागले, तेव्हा पहिलं मोठं काम मिळालं ते लिहिण्याचं. "तुझं इंग्लिश चांगलं आहे," आमच्या विभागाचे सर म्हणाले, आणि नव्या चिलरच्या स्पेसिफिकेशनचा, म्हणजे खरेदीच्या अटींचा, एक भाग माझ्या टेबलावर ठेवून गेले. वडील वीज केंद्रात, त्यामुळे मी तिथल्या वसाहतीतल्या इंग्लिश शाळेत शिकले. एवढ्यावरून लोकांना वाटतं की इंग्लिशमध्ये लिहिलेलं सगळं मला कळतं.

चिलर म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. औषध तयार होतं त्या टाक्यांभोवती, म्हणजे रिअॅक्टरभोवती, फिरून बारा अंशांवर आलेलं पाणी ते सात अंशांवर आणून परत पाठवतं. त्या पाण्यातून काढलेली उष्णता दुसऱ्या पाण्याला देतं, आणि ते दुसरं पाणी छपरावरच्या कूलिंग टॉवरमध्ये निवतं. माझ्याकडे आलेल्या भागात तीन कलमं होती. यंत्राने किती काम करायचं (ही क्षमता टनांत मोजतात, आम्हाला साडेतीनशे टन हवी होती), बनवणाऱ्याच्या कारखान्यातून निघण्याआधी त्याची चाचणी कशी घ्यायची, आणि वॉरंटी.

आमच्याकडे स्पेसिफिकेशन कोणी पहिल्यापासून लिहीत नाही. मागच्या प्रोजेक्टची फाईल उघडायची, नाव बदलायचं, आकडे बदलायचे. त्या मागच्या फाईलमध्येही त्याच्या मागच्या फाईलची कलमं असतात. मी तेच करत होते. सरांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या कलमात टॉवरचं पाणी तेहेतीस अंश लिहिलं, कारण समुद्राकाठच्या दमट हवेत टॉवर पाण्याला त्याच्या फार खाली नेऊ शकत नाही. दुसऱ्या कलमात आधीच छापलेलं होतं, चाचणी प्रमाणित परिस्थितीत घ्यावी. ती परिस्थिती कुठली, हे शोधत मी प्रमाणाच्या पुस्तकापर्यंत गेले. तिथे टॉवरचं पाणी एकोणतीस अंशांच्या थोडं वर धरलेलं होतं. आणि तिसऱ्या कलमात होतं की सुटे भाग आणि कॉम्प्रेसर वॉरंटीत राहतील, पण क्षमतेची हमी मात्र कारखान्यातली चाचणी मान्य झाली की पूर्ण झाली असं समजावं.

प्रत्येक शब्द मला कळत होता. तिन्ही कलमं एकत्र वाचली की मात्र काहीच कळेना. यंत्र एकोणतीस अंशांच्या पाण्यावर पास होणार, आपण सही करणार, आणि मे महिन्यात पाणी तेहेतीसवर गेलं तर जबाबदार कोण? मी पुन्हा वाचलं. इतक्या प्रोजेक्टमध्ये हेच गेलं असेल तर माझंच काहीतरी चुकत असणार, असं वाटत राहिलं.

सरांना विचारायचं धाडस होईना. म्हणून मी कारखान्याचं पाणी, वाफ, वीज सांभाळणाऱ्या युटिलिटी विभागात गेले. तिथले इनचार्ज जवळच्याच नवापूरचे. घरी भावाची मासेमारीची बोट, हे मात्र कारखान्यात. सगळ्यांसमोर ते मला मॅडम म्हणत, एकटी असले की बाय. जुने चिलर त्यांच्याच ताब्यात होते. उन्हाळ्यात पाणी सातचं नऊ झालं की उत्पादन विभागाचा फोन यायचा, आणि तो फोन त्यांच्या टेबलावर वाजायचा.

"काका, मे महिन्यात टॉवरचं पाणी किती असतं?"

"गरम असतं."

"म्हणजे किती?"

"एक मीटर बत्तीस दाखवतो, दुसरा चौतीस. कुठला खरा, तो मीटरच जाणे." ते हसले. "तू मला एवढंच सांग बाय, नवी मशीन आली की तो फोन बंद होणार का नाय? मागच्या साली भर मीटिंगमदी मला उभा केला. पाणी थंड का नाय म्हणून. मी काय बर्फ टाकणार हाय त्यात?"

मी म्हटलं, "बघते." खरं तर काय बघायचं, ते मला माहीत नव्हतं.

यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला तेव्हा मीटिंगमध्ये सर, काका आणि मी होतो. तो पुण्याचा, बोलायला गोड. दरवाजाजवळची खुर्ची मी आधीच धरली होती. तो स्क्रीनवर एकेक कलम दाखवत "मान्य, मान्य" म्हणत पुढे जात होता. चाचणीचं कलम आलं. मान्य. पुढचं पान येणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "ही चाचणी किती अंशांवर होणार?"

"स्टँडर्डवर, मॅडम."

"पण आम्ही तेहेतीस मागितलंय."

"हो, तेहेतीसला आमचं सॉफ्टवेअर पूर्ण साडेतीनशे टन दाखवतं. शीट जोडलीय."

"सॉफ्टवेअर दाखवतं," मी म्हटलं.  

सर माझ्याकडे बघत होते. ते रागावलेत की विचार करतायत, मला कळलं नाही. मग ते त्या माणसाला म्हणाले, "तुमच्या टेस्ट रिगवर तेहेतीसचं पाणी सोडता येतं की नाही?"

"येतं सर, पण सहसा कोणी मागत नाही."

"ही मागतेय ना."

काका खालच्या आवाजात पुटपुटले, "मॅडमनी जाळा टाकला."

एवढ्यावर ते कलम बदललं. वॉरंटीचं कलम मात्र कंपनीने हलू दिलं नाही. क्षमतेची हमी चाचणीतच पूर्ण होणार, मग चाचणी कितीही अंशांवर घ्या. सरांनी ते मान्य केलं. बाहेर येताना मी सरांना विचारलं, आपण हे बरोबर केलं का. ते म्हणाले, "आता चाचणीला तूच जा. काकांना घेऊन जा. मला ऑडिट आहे." हे उत्तर होतं की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चाचणीचा हॉल पुण्याच्या पलीकडे होता. आमचं यंत्र एका लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं. कॉम्प्रेसर, खाली दोन लांब नळकांडी, बाजूला पॅनेल. काचेआडच्या खोलीत पडद्यावर आकडे हलत होते. पाणी किती वाहतंय, आत जाताना किती अंश, बाहेर येताना किती, वीज किती. पहिली गोष्ट मला दिसली ती ही की टॉवरच्या पाण्याच्या जागी तेहेतीस नव्हतं, त्याहून थोडं जास्त होतं.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

पुण्याचा माणूस तिथेही होता. त्याने शांतपणे समजावलं. इथे नळ्या अगदी स्वच्छ असतात. तुमच्याकडे वापरून वापरून त्यांच्यात थर बसणार. तो थर इथे नाही, म्हणून पाणीच मुद्दाम थोडं जास्त गरम सोडायचं. मला पटलं. पण तो अजून दहा गोष्टी सांगता तर त्याही पटल्या असत्या, म्हणून पटण्यावर माझा फारसा भरवसा नव्हता.

काकांनी बांबूच्या विणलेल्या डबीतून सुपारी काढली, मग इथे चालत नाही हे आठवून परत ठेवली. "किती झाला?" ते सारखे विचारत होते.

आकडे स्थिरावले. साडेतीनशे टनाला काही टन कमी पडत होते. फार नाही, तीनेक टक्के.

"पास," पुण्याचा माणूस म्हणाला. "प्रमाणाच्या पुस्तकात एवढी सूट असते. टेस्टिंगच्या कलमात तुम्हीच लिहिलंय, सूट प्रमाणाप्रमाणे."

त्याने रिपोर्ट पुढे केला. सहीची जागा मोकळी होती. मी सही केली की क्षमतेबद्दल कंपनीची जबाबदारी तिथेच संपणार होती. मी माझं स्पेसिफिकेशन काढलं. चाचणीच्या कलमात ते म्हणत होते तसंच होतं. पण पहिल्या कलमाच्या शेवटी लिहिलं होतं, क्षमता कमी भरली तर कुठलीही सूट मिळणार नाही. दोन्ही वाक्यं माझ्याच फाईलमध्ये होती, दोन्ही कुठल्या तरी जुन्या फाईलमधून आलेली.

मी सरांना फोन लावला. "सर, तीन टक्के कमी येतंय. चालतं का?"

"आपण काय लिहिलंय?"

"दोन्ही लिहिलंय."

 मग ते म्हणाले, "सगळं वाच. पहिल्या पानापासून." आणि फोन ठेवला.

खोलीतले सगळे थांबलेले असताना पहिल्या पानापासून वाचणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. चहा आला, निवला. पुण्याचा माणूस घड्याळाकडे बघत होता. काका त्याला म्हणाले, "वाचू दे ना साहेब. आमच्या मॅडम इंग्लिश शाळेतल्या हायत, त्यांना वेळ लागतो." सामान्य अटींच्या भागात, जो कोणी कधी वाचत नाही, एक वाक्य सापडलं. दोन कलमांत विरोध असेल तर जास्त कडक ते लागू. मी बोट ठेवून ते त्याला दाखवलं. 

त्याने ते वाचलं. "हे नेहमीचंच वाक्य आहे मॅडम, सगळ्यांच्यात असतं."

"हो," मी म्हटलं. "आमच्यातही आहे."

तो बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलून आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या इंजिनिअरांनी यंत्रातला गॅस तपासला, कमी आहे म्हणून आणखी भरला, पाण्याची धार पुन्हा मोजली आणि चाचणी पुन्हा घेतली. या वेळी साडेतीनशेच्या किंचित वर आकडा आला. मी सही केली. 

परतीच्या वाटेत मी काकांना विचारलं, "गॅस खरंच कमी होता का? की काल आपण मान्य केलं असतं तर तसंच आलं असतं यंत्र?"

"मला काय म्हाईत बाय," ते म्हणाले, आणि डबी उघडली.

यंत्र बसलं, चालू झालं. हिवाळ्यात तर कोणतंही यंत्र चालतं. मी मे महिन्याची वाट बघत होते आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. एका दुपारी काकांचा निरोप आला. मी युटिलिटीत गेले. बाहेर हवा अंगाला चिकटत होती. पॅनेलवर टॉवरचं पाणी तेहेतीसच्या थोडं वर होतं आणि थंड पाणी सात.

"पास ना?" काका म्हणाले.

"लोड किती आहे?" पॅनेलवर साठ टक्के होता. एक रिअॅक्टर धुवायला बंद होता. "मग यावरून काही कळत नाही, काका."

"तुला कदी कळणार?"

आम्ही थांबलो. बंद असलेला रिअॅक्टर चालू झाला तसा लोड चढत गेला. थंड पाणी सात पूर्णांक तीन झालं, मग सात पूर्णांक चार झालं. काकांनी फोनकडे बघितलं. मीही बघितलं. लोड शंभराच्या जवळ पोचला, आणि पाणी हळूहळू पुन्हा सातवर आलं आणि तिथेच राहिलं.

बराच वेळ आम्ही दोघं उभे होतो. पहिल्या दिवशी ते तीन टक्के का कमी आले, हे मला अजूनही कळलेलं नाही. फोन मात्र वाजला नाही.