बारा गावांचा पुरावा

माझ्या एका जुन्या शोधनिबंधात मूलभूत चूक आहे, हे तो छापून आल्यानंतर काही वर्षांनी माझ्या लक्षात आले आणि मी ते कोणालाही सांगितले नाही. चार शाळांतील मुलांची माहिती घेऊन मी रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम होतो याचे गणित, केले होते, आणि प्रत्येक मूल जणू वेगळ्या जगातून आले आहे असे धरले होते. निबंध कोणी फारसा वाचला नव्हता. मात्र त्यातील पद्धत मी पुढे कार्यशाळांत शिकवत राहिलो. चूक कळल्यावर मी ती शिकवणे थांबवले. आधी जे शिकून गेले होते, त्यांना मात्र काहीच कळवले नाही.

मी अमरावतीला राहतो आणि अकोल्याच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. बडनेऱ्याहून गाडीने जाणे-येणे हा माझा नेम आहे. एका दुपारी स्टाफरूममध्ये एका नियतकालिकाच्या संपादकांचा मेल आला. एक निबंध तपासून अहवाल द्यावा, अशी त्यांची विनंती होती. लेखकाचे नाव झाकलेले होते. विषय असा, की धारणी तालुक्यातील सहा गावांत महिलांना परसबागा लावून दिल्या आणि दुसऱ्या सहा गावांत दिल्या नाहीत. वर्षभराने सर्व बायकांचे हिमोग्लोबिन तपासले. निष्कर्षात ठामपणे लिहिले होते की परसबागांमुळे रक्तक्षय कमी झाला आणि शासनाने ही योजना सर्वत्र राबवावी.

गावांची नावे वाचताच लेखिका कोण हे मला कळले. ती माझ्या कार्यशाळेत शिकलेली विद्यार्थिनी, मूळची हिवरखेडची, आता अमरावतीत गृहविज्ञान शिकवते. या गावांसाठी तिने धारणीच्या एस.टी.त किती उन्हाळे घालवले, हे मला ठाऊक होते. हा निबंध स्वीकारला गेल्याशिवाय तिला पीएच.डी.चा प्रबंध सादर करता येणार नव्हता आणि मुदतवाढही एकदा घेऊन झाली होती. पद्धतीच्या परिच्छेदात आधार म्हणून एकच संदर्भ होता. तो माझ्या त्या निबंधाचा, आणि तीच चूक इथेही उतरली होती.

ओळख असल्याचे कळवून बाजूला होणे हा सरळ मार्ग होता. पण मी बाजूला झालो तर दुसरा परीक्षक तो संदर्भ उघडून पाहील आणि या चुकीचे मूळ कोठे आहे ते लिहील, या भीतीने मला धरले. ‘लेखकाशी हितसंबंध आहेत का?’ या रकान्यात मी ‘नाही’ असे लिहिले.

अहवालातील शास्त्र बरोबर होते. परसबाग गावाला दिली होती, एकेका बाईला नव्हे. एका गावातील बायका एकाच विहिरीचे पाणी पितात, एकाच रेशन दुकानातून धान्य आणतात, त्यांचे रक्त एकच सिस्टर एकाच यंत्राने तपासते. म्हणून त्यांची मोजमापे एकमेकींसारखी येतात. गावातील पन्नास बायकांना पन्नास स्वतंत्र साक्षीदार मानले की चुकीची शक्यता आहे त्याहून लहान दिसू लागते आणि नसलेली खात्री हाती आल्यासारखी वाटते. पुरावा सहाशे बायकांचा नव्हता, बारा गावांचा होता. शिवाय बागांसाठी गावे निवडली ती जीप पोहोचेल अशी. त्या गावांना दवाखानाही जवळ होता. तेव्हा गणित सुधारले तरी ‘बागांमुळे’ असे म्हणता येणार नव्हते.

इतके लिहून थांबलो असतो तरी पुष्कळ झाले असते. पण मी पुढे लिहिले, की लेखकाचे संख्याशास्त्राचे आकलन प्राथमिक दर्जाचे आहे, आणि पद्धतीसाठी दिलेला जुना संदर्भ अनावश्यक असल्याने वगळावा. हे दुसरे वाक्य कशासाठी लिहितो आहे, हे मला लिहितानाच माहीत होते.

संपादकांनी निबंध मोठ्या दुरुस्त्यांसाठी परत पाठवला. त्याच आठवड्यातल्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आली.

“सर, हा दोन नंबरचा रिव्ह्युअर पाहा,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “काय माणूस हाय का काय हाय. माझं आकलन प्राथमिक म्हणते.”

“वाच ना शांतपणे,” मी म्हणालो.

“वाचलं, पाच डाव वाचलं. आन् तुमचाच पेपर काढून टाका म्हणते. तुमच्याशी जुनी दुश्मनी दिसते त्याची. कोण असन, सर? नागपूरचा असन का?”

पत्नी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “त्याले घरी आण एकदा. मी साखरेऐवजी मीठ टाकतो त्याच्या चहात.”

दोघी हसल्या. माझ्या हातातील चहा गोड होता.

त्याच वेळी बोलायला हवे होते. मी फक्त म्हणालो, “त्याचं म्हणणं एकदा करून तर पाहू.”

प्रत्येक गावाची एक सरासरी काढायची आणि सहा गावांची दुसऱ्या सहांशी तुलना करायची, हा सर्वांत साधा उपाय होता. तिने आकडे भरले, मी शेजारी बसून सांगत राहिलो. फरक जेवढा होता तेवढाच राहिला. त्याच्याभोवतीची अनिश्चिततेची पट्टी मात्र इतकी रुंदावली की शून्य तिच्या आत आले. म्हणजे फरक असेल, कदाचित नसेलही. बारा गावांवरून सांगता येत नव्हते.

तिने आकडे पुन्हा एकदा तपासून पाहिले. मग म्हणाली, “मंग माझं काम खोटं निंगालं म्हणा.”

“काम खोटं नाही. मोजमापं खरी आहेत. दावा मोठा झाला. बागा असलेल्या गावांत हिमोग्लोबिन थोडं जास्त दिसलं, पण ते बागांमुळेच आणि नक्की, असं म्हणता येत नाही, एवढं लिही. छापतील ते.”

“छापतील?”

“छापायला हवं.”

हे शब्द तोंडातून गेले आणि मला माझीच शिसारी आली. सुधारलेला निबंध तपासायला पुन्हा माझ्याकडेच येणार होता. मी तिला उत्तर सांगत होतो आणि त्या उत्तराला गुणही मीच देणार होतो. कोणत्याही बाजूने पाहिले तरी मीच उभा होतो, आणि बाहेर पडायची वाट तिच्या समोरून जात होती.

तिने परीक्षकाला द्यायचे उत्तर लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली. “परीक्षकांनी दाखवलेली चूक मान्य आहे. लेखिकेच्या अपुऱ्या आकलनामुळे...” ती थांबली. “बरोबर हाय ना, सर? तुमी तर वर्कशॉपमंदी नीटच सांगितलं असन. मलेच समजलं नसन. तुमच्या पेपरातही मले समजलं तसंच दिसलं, म्हणून बिनधास्त केलं मी. चुकीचंच वाचलं असन.”

“ते वाक्य खोड.”

“कावून?”

पत्नी दारात उभी होती. तिने ऐकू नये असे मला क्षणभर वाटले, आणि तसे वाटल्याचीच लाज वाटून मी तिलाही आत येऊन बसायला सांगितले.

“तुला नीट समजलं होतं,” मी म्हणालो. “मीच चुकीचं शिकवलं. माझ्या निबंधात हीच चूक आहे. ती मला कळून कितीतरी वर्षं झाली आणि मी तुम्हा कोणालाही सांगितलं नाही. हा अहवालही मीच लिहिला आहे. तू आहेस हे ओळखून लिहिला. माझं नाव निघू नये म्हणून तो संदर्भ काढायला लावला आणि कमीपणा तुझ्या माथी मारला. संपादकांना मी आजच कळवतो आणि माझ्या निबंधाची दुरुस्तीही पाठवतो. पण ते त्यांच्यासाठी झालं. तुझा मी अपराधी आहे. मला माफ कर.”